बिल्डिंगमध्ये ज्योत चालत नाही, मग गणपती कसा बसवायचा?

पत्र: "मी ठाण्याची, वसंत विहारची. ऑगस्टमध्ये मुलाकडे टोरांटोला चाललेय, सहा महिन्यांसाठी. त्यांच्याकडे पहिल्यांदाच गणपती बसवायचाय, दीड दिवसाचा. घर सतराव्या मजल्यावर, एक बेडरूम, नात दोन वर्षांची. मुलगा म्हणतो भाड्याच्या करारात लिहिलंय की मेणबत्ती, उदबत्ती, कुठलीही ज्योत घरात चालणार नाही, तू समई आणूच नकोस. दिव्याशिवाय पूजा पूर्ण होते का? कापूर नाही तर आरती कसली? मूर्ती इथून नेऊ का, आणि विसर्जन कुठे करायचं? सूनबाई दोघांच्या मध्ये अडकलीय बिचारी." – एक आजी, ठाणे

काकू, आधी निकाल सांगते, कारणं मागाहून. समई ठाण्यातच राहू दे, कापूर तर बॅगेत टाकूच नका, आणि गणपती मात्र बसवाच. यात मुलगा बरोबर बोलतोय, कारण करारावर सही त्याची आहे आणि उद्या काही झालं तर घरमालक आणि विमा कंपनी दोघंही तोच कागद पुढे करणार.

परदेशातल्या सगळ्या बिल्डिंगांचा नियम एकसारखा नसतो हे खरंय. कुठे लिहिलेलं असतं की पेटता दिवा सोडून घराबाहेर जायचं नाही, म्हणजे समोर बसून निरांजन लावलं तर चालतं. कुठे फक्त बाल्कनीत आग नको असते. तुमच्या मुलाच्या करारात मात्र मेणबत्ती, उदबत्ती आणि वर 'कुठलीही ज्योत' असं तिन्ही आलंय, त्यातून पळवाट निघत नाही. 'आरतीपुरतं पाच मिनिटं लावू, कोणाला कळणारे' हा विचार मनात आला असेल तर तो सोडा, कारण तिथे शेजारणीला नाही कळलं तरी छतावरच्या अलार्मला कळतं.

आता तुमचा खरा प्रश्न, दिव्याशिवाय पूजा पूर्ण होते का. तुमच्याकडे प्राणप्रतिष्ठेची पोथी असेलच, ती काढा आणि षोडशोपचार बघा: आवाहन, आसन, पाद्य, अर्घ्य असं करत करत गंध, फूल, धूप, दीप, नैवेद्य येतात. सोळातले धूप आणि दीप हे दोनच उपचार तुमच्या त्या घरात अडणार आहेत, चौदा जिथल्या तिथे आहेत. आणि जो उपचार हाताशी नाही त्याची सोय पोथीतच करून ठेवलीय. दागिने नसले की गुरुजी काय म्हणतात? 'अलंकारार्थे अक्षतां समर्पयामि' म्हणतात आणि चार अक्षता वाहतात, आपण कधी विचारलंय का की अहो हार कुठाय? वस्त्राच्या जागी कापसाचं वस्त्र वाहतो तेव्हा देवाला खरं धोतर कुठे नेसवतो आपण? तसंच 'धूपार्थे अक्षतां समर्पयामि' म्हणायचं, अक्षता वाहायच्या, पुढे जायचं. दिव्यालाही तसंच. मुलाशी वाद घालण्यापेक्षा पोथीतलं हे पान त्याला दाखवा, तोही खूश, तुम्हीही खूश.

तरीपण डोळ्यांना उजेड लागतोच, नुसत्या अक्षतांवर मन भरत नाही हे मला पण कळतं. म्हणून एलईडी दिवा घ्या. जांभळी नाक्याला पूजेच्या सामानाच्या दुकानात इलेक्ट्रिक समया, निरांजनं, तोरणं ढिगाने मिळतात, पण जे भिंतीच्या प्लगमध्ये लावायचंय ते इथून नेऊ नका. आपल्याकडे वीज २३० व्होल्टची, कॅनडात १२० ची. इथली प्लगवाली समई तिथे मिणमिणेल नाहीतर लागणारच नाही, आणि मग मुलगा कुठला तरी ट्रान्सफॉर्मर आणणार, त्याची वायर मखरामागून फिरणार, त्यात दोन वर्षांची नात घरात. शिवाय तिथल्या इलेक्ट्रिकच्या वस्तूंवर तिथल्या तपासणीचा शिक्का लागतो, आपल्या नाक्यावरच्या माळेवर तो कुठून असणार! सेलवर किंवा मोबाइलच्या चार्जरला यूएसबीने चालणारा दिवा न्या, त्याला देश बदलला तरी फरक पडत नाही. पिवळसर उजेडाचा बघा, निळसर पांढरा घेतलात तर गाभारा दवाखान्यासारखा दिसतो, आणि लुकलुकणारा तर नकोच, आरतीच्या वेळी डोक्यात जातो.

सेलवाल्या दिव्यात एक गोष्ट मात्र नीट बघून घ्या. छोट्या टी-लाइटमध्ये नाण्यासारखा चपटा बटण-सेल असतो आणि तो लहान मुलाच्या पोटात गेला तर अन्ननलिका आतून भाजते, थोड्या तासांतच, हे अजिबात अतिशयोक्तीने सांगत नाहीये. त्यामुळे सेलच्या झाकणाला स्क्रू असलेलाच दिवा घ्या किंवा पेन्सिल सेलवाला घ्या. दुकानातच झाकण नखाने उघडून बघा, उघडलं तर तो दिवा परत ठेवा.

अखंड दिव्याची हौस असेल तर उलट हा बराय. इथे समई रात्रभर ठेवायची म्हणजे कुणीतरी हॉलमध्ये गादी टाकून झोपायचं, तेल घालायला दोनदा उठायचं, तिथे सेल नवे घातले की झालं. ताम्हनात हाच छोटा दिवा ठेवून ओवाळा, घंटा, टाळ, टाळ्या सगळं करा, मंत्रपुष्पांजलीपर्यंत सगळ्या आरत्या म्हणा. तुमचं रोजचं चांदीचं निरांजन नेणार असाल तर तुपात भिजवलेली फुलवात घालून न पेटवता शेजारी ठेवा, मला स्वतःला ते नुसत्या प्लास्टिकच्या दिव्यापेक्षा बरं वाटतं.

कापराचं दोन वाक्यांत सांगते. एक म्हणजे कापूर ज्वालाग्राही म्हणून विमानात चालत नाही, ना हातातल्या बॅगेत ना चेक-इनमध्ये, आणि खिरापतीसाठी सुकं खोबरं नेणार असाल तर त्यालाही चेक-इन बॅगेत हरकत घेतात, ते तिथे घ्या. दुसरं म्हणजे बंद घरात कापराइतकी काजळी दुसरं काही करत नाही, ताम्हनाच्या कडेला बसलेला काळा थर तुम्ही चिंचेने घासून काढता ना, तोच धूर गरम असल्यामुळे सरळ वर छताला जातो, आणि अलार्म तिथेच लावलेला असतो.

आता हा अलार्म काय प्रकार आहे ते नीट समजून घ्या, कारण दिवा नाही लावला तरी चतुर्थीला तो वाजू शकतो. तिथल्या उंच बिल्डिंगांत बऱ्याचदा दोन वेगळ्या गोष्टी असतात. घरातला धुराचा अलार्म वाजतो तो फक्त घरात, कान किटतात पण बाकी बिल्डिंग शांत असते. बाहेर कॉरिडॉरमध्ये जो असतो तो सगळ्या बिल्डिंगच्या यंत्रणेला जोडलेला. आता होतं काय, घरातला वाजला की आपण घाबरून पहिल्यांदा मेन दरवाजा उघडतो, धूर जाऊ दे म्हणून, इथे आपली सवयच ती, दार-खिडकी समोरासमोर उघडली की वारा खेळतो. तिथे दार उघडलं की धूर कॉरिडॉरमध्ये जातो, तिथला सेन्सर जागा होतो, पूर्ण टॉवरचा भोंगा वाजतो, लोक जिन्याने खाली उतरतात आणि आगीचा बंब येतो. आमच्या नात्यातल्या एका घरी नेमकं हेच झालं, आणि तेही निरांजनाने नाही, तळणीच्या मोदकांनी! कढईतलं तेल जरा जास्त तापलं एवढंच. सोवळं नेसलेले काका पार्किंगमध्ये उभे, हातात घंटा, ती ठेवायचं भान कुणाला होतं!

तर चतुर्थीच्या दिवशी काळजी दिव्यापेक्षा स्वयंपाकघराची करा. तळणीचे मोदक, पुऱ्या, वडे हे त्या छोट्या घरात नकोच, उकडीचे करा. पण उकडीच्या वाफेनेही काही अलार्म वाजतात, कारण त्यातला डोळा धूर आणि दाट वाफ यांत फरक करत नाही. मोदकपात्राचं झाकण काढायचं असेल तेव्हा गॅस, म्हणजे तिथे बहुतेक इलेक्ट्रिक शेगडीच असेल, ती आधी बंद करा, दोन मिनिटं थांबा आणि झाकण आपल्यापासून लांब, एक्झॉस्टच्या बाजूला उघडा. एक्झॉस्टवरही फार विसंबू नका, तिथल्या बऱ्याच फ्लॅटमधली चिमणी हवा बाहेर फेकतच नाही, जाळीतून गाळून परत खोलीत सोडते. मुलाला विचारा तुमची कुठली आहे. बाहेर फेकणारी नसेल तर बाथरूमचा पंखा चालू ठेवा आणि खिडकी उघडा. खिडकीही आपल्यासारखी सताड उघडणार नाही, उंचावरच्या खिडक्या मुलं पडू नयेत म्हणून चारेक बोटंच उघडतात, तेवढी पुरते.

आणि वाजलाच तर? शेगडी बंद, खिडकी उघडी, मेन दार बंद, आणि अलार्मखाली टॉवेल हलवायचा. बहुतेक अलार्मवर एक बटण असतं, दाबलं की थोडा वेळ गप्प बसतो, ते कुठलं हे गेल्या गेल्या मुलाकडून शिकून ठेवा. अलार्मवर पिशवी बांधणं किंवा सेल काढून ठेवणं हे मात्र कुणी कितीही सुचवलं तरी करायचं नाही, ऑन्टारियोत तो कायद्याने गुन्हा आहे, आणि घरात बाळ झोपलेलं असताना अलार्म आंधळा करून ठेवायचा हे मला कायदा नसता तरी पटलं नसतं. पूर्ण बिल्डिंगचा भोंगा वाजला, किंवा खरीच आग दिसली, तर नातीला उचला आणि जिन्याने खाली, देव्हारा तसाच राहू दे. लिफ्ट नाही. खाली सिक्युरिटीला खरं काय ते सांगा, मोदक करत होतो म्हणून, लपवालपवी केली की त्यांचा शोधाशोधीत वेळ जातो.

मखर कुठे मांडायचं याचं फार टेन्शन घेऊ नका, अडीच फुटी टेबल पुरे. फक्त मेन दाराच्या वाटेत नको, त्या घराला बाहेर पडायला तेवढं एकच दार असतं. आणि छतावर पाण्याचे स्प्रिंकलर असतील तर त्यांना तोरण, माळ, ओढणी काही काही बांधायचं नाही. त्यात काचेची छोटी नळी असते, ती धक्क्याने फुटली तर आगबिग नसताना खोलीभर पाणी, खालच्या घरातसुद्धा.

आता मूर्ती. इथून तयार मूर्ती नेऊ नका असं मी म्हणेन, आणि शाडूच्या मातीचं पाकीट तर नकोच नको. कॅनडात बाहेरून माती आणायला बंदी आहे आणि तुमच्या पाकिटावर शाडू लिहिलंय की आणखी काय, विमानतळावरच्या अधिकाऱ्याला ती मातीच दिसणार. वाळलेली, रंगवलेली मूर्ती डिक्लेअर करून कदाचित जाईलही, पण ते त्या माणसाच्या मर्जीवर, आणि देव काउंटरवर ठेवून परत फिरायची वेळ आली तर तुम्हाला जन्मभर रुखरुख लागेल. आत बिया असलेली मूर्ती हल्ली इथे खूप चालते, ती तर सरळ जप्त होईल. दूर्वा आणि पत्रीचंही तेच, पानंफुलं तिकडच्या इंडियन दुकानातून घ्या, नाही मिळाली तर परत अक्षता आहेतच. बिल्डिंगच्या लॉनवरून दूर्वा खुडायला जाऊ नका, तिथे सकाळी कुत्री फिरवतात.

त्यापेक्षा तिथेच मूर्ती करा. पार्थिव गणपती म्हणजे मुळात मातीचा, हाताने केलेला, आणि वीतभर सुद्धा असायची गरज नाही, पाच इंच खूप झाला. सूनबाईला सांगा कुंभारकामाचं सामान मिळतं तिथून नैसर्गिक माती आणून ठेवायला, भट्टीत न भाजलेली, एक किलो. मुलांच्या खेळण्याची रंगीत क्ले नको, ती तेलकट असते, आणि 'हवेत वाळणारी' म्हणून मिळते तिच्यात कागदाचा लगदा किंवा डिंकासारखं काहीतरी असू शकतं, ती पाण्यात नीट विरघळत नाही. २०२६ ची चतुर्थी १४ सप्टेंबरला, सोमवारी आहे, तुम्ही ऑगस्टमध्ये पोचताय, म्हणजे वेळच वेळ आहे, चतुर्थीच्या किमान दोन आठवडे आधी मूर्ती करून ठेवा.

करताना बैठक आणि पोट एका गोळ्याचं करा आणि खालून चमच्याने कोरून पोकळ करा, भिंत बोटभर जाड राहिली पाहिजे. सोंड आणि हात वेगळे वळून लावायचे, पण नुसते चिकटवले तर वाळताना हमखास सुटतात. दोन्ही बाजूंना काट्या-चमच्याने ओरखडे काढा, मातीतच पाणी घालून ताकासारखी पातळ पेस्ट करा, ती लावून मग दाबा. पहिला दिवस प्लास्टिकची पिशवी सैलसर झाकून ठेवा आणि नंतर सावलीत उघडी. हीटरजवळ किंवा उन्हात ठेवली की बाहेरून पटकन सुकते, आतून ओली राहते आणि तडकते, बहुतेक वेळा सोंडेच्या मुळाशीच. पूर्ण वाळली की नाही ते कळायला मूर्ती गालाला लावा, गार लागली तर आत ओल आहे, अजून थांबा.

हे वाळणं नुसतं दिसायला नाही, विसर्जनासाठी पण लागतं. ठणठणीत वाळलेली माती पाण्यात घातली की पाणी आत शिरतं आणि ती भराभर सुटते, भुगा होऊन तळाशी बसते. अर्धओली माती मात्र बादलीत दोन दोन दिवस ढेकळासारखी बसून राहते आणि मग सगळे तोंडाकडे बघत बसतात. म्हणूनच ऑइलपेंट किंवा ॲक्रिलिकचा जाड थरही नको, पाणी आत जायलाच वाट उरत नाही. गेरू, हळद, कुंकू पाण्यात कालवून लावा, डोळे तेवढे बारीक काडीने काजळाने काढा.

मुहूर्त मध्यान्हीचा असतो, तो टोरांटोचा बघा, ठाण्याच्या कॅलेंडरवरचा नाही. सोमवारी मुलाचं ऑफिस असेल, दुपारी तासभर त्याला सुट्टी काढायला लावा. इथल्या गुरुजींना व्हिडिओ कॉलवर बसवायचं ठरवलंत तर तिथली दुपार म्हणजे इथली रात्र, साडेनऊ तासांचा फरक आहे, आधी विचारून ठेवा, चतुर्थीच्या रात्री गुरुजी झोपेने पेंगत असतात.

मंगळवारी संध्याकाळी उत्तरपूजा, अक्षता वाहून मूर्ती जराशी हलवायची, दही हातावर द्यायचं, आणि बाथरूममध्ये नाही, हॉलमध्येच स्वच्छ बादलीत विसर्जन करायचं. लेकच्या किनाऱ्यावर जाऊन सोडायचा विचार करू नका. आपल्या ठाण्यातच आता महापालिका कृत्रिम तलाव करते, लोक मासुंदा तलावाऐवजी त्यात विसर्जन करतात, तुमची बादली म्हणजे त्याचंच छोटं रूप. हार, फुलं, दोरे विसर्जनाआधी काढून वेगळे ठेवा.

रात्रभर बादली तशीच राहू दे. सकाळी वर निवळ पाणी आणि खाली चिखल असेल. वरचं पाणी हळूच ओतून कुंड्यांना घाला, पण चिखल सिंकमध्ये किंवा कमोडमध्ये चुकूनही टाकू नका, माती पाइपच्या वळणात बसते आणि सतराव्या मजल्यावर प्लंबर बोलवायचा खर्च ऐकलात तर पुढच्या वर्षी मुलगा गणपतीच नको म्हणेल. चिखल जुन्या सुती साडीच्या तुकड्यावर पसरून वाळवा, फोडून डब्यात भरा, पुढच्या चतुर्थीला सूनबाई त्यातूनच परत मूर्ती करू शकेल, पाणी घातलं की तीच माती परत मळता येते.

आणि जायच्या आधी सूनबाईला एक फोन तुम्हीच करा, 'समई आणत नाहीये, तू फक्त माती आणून ठेव' एवढं म्हणा. घरात आणलेला कापूर शेजारणीकडे देऊन टाका, नाहीतर निघायच्या आदल्या रात्री हात आपोआप बॅगेकडे जातो.